बोंडं मोजणारा दोस्त चालला नेदरलँडला



माझ्या कापसात दर रविवारी फेरी मारणारा माझा दोस्त या आठवड्यात नेदरलँडला चाललाय. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकला, आता तिकडं वागेनिंगेन विद्यापीठात दोन वर्षं एम.एस्सी. करणार. वयानं माझ्या पोराएवढा, मला काका म्हणतो, पण गुलाबी बोंडअळीतला माझा मास्तर तोच. लेका, मनापासून अभिनंदन!

गेल्या साली गणपतीत शेजारच्यानं फवारा मारला म्हणून मीबी पंप भरायला निघालो. यानं थांबवलं. "काका, आधी मोजू, मग ठरवू." सगळ्या वावरात फिरून वीस झाडांची एकेक हिरवी कैरी तोडली. फोडल्यावर एकच किडकी निघाली. विसात दोन, म्हणजे दहा टक्के किडकी निघाली की फवारायचं, असा हिशेब. म्हणून पंप तसाच ठेवला, एका फवाऱ्याचा खर्च वाचला.

आठ दिवसांनी तो गावात नव्हता. मी एकट्यानं वीस कैऱ्या फोडल्या, एकबी किडकी दिसली नाही. खुशीत घरी आलो. संध्याकाळी त्यानं त्याच फोडलेल्या कैऱ्या भिंगाखाली धरल्या आणि तीन किडक्या काढून दाखवल्या. अळी बारकी असते तवा पांढरी असते, गुलाबी नंतर होते. पांढऱ्या सरकीत पांढरी अळी माझ्या डोळ्याला दिसली नव्हती. बाहेरून तर काहीच कळत नाही, कारण कैरी वाढते तसं अळी शिरलेलं छिद्र बुजून जातं. दुसऱ्या दिवशी फवारलं. तो आला नसता तर मी निवांत बसलो असतो.

आता खरं सांगतो. मधी त्याचा व्हिसा लांबला तवा माझ्या मनात आलं, बरं झालं, एवढा हंगाम तरी निघंल. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

काल निरोपाला आला तवा भिंग माझ्या हातात दिलं. म्हणला, "काका, फोटो पाठवत जा." पाठवीन. पण आपण सकाळी सातला वावरात असतो तवा तिकडं रात्रीचे साडेतीन वाजलेले असतात. आणि दोऱ्यासारखी अळी मलाच दिसली नाही तर फोटो कशाचा काढू? बांधावर बसून चहा पिताना "काका, परत बघा" म्हणणारं माणूस फोनमधी येत नाही.

तरी तू जा बाबा. शिक. पोळ्याला तुझी आठवण येईल, रविवारी जास्त येईल. या रविवारी वीस कैऱ्या फोडणार, चष्मा लावून, भिंगाखाली, दोनदा बघणार. जो आकडा येईल तो इथंच टाकीन. चुकलं वाटलं तर तिकडून ओरड.