एकशे सत्तावीस नंबर

सीएची आर्टिकलशिप सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, तेव्हा सरांनी मला पहिल्यांदा क्लायंटकडे नेलं. बीदरच्या मैलूर भागातली एक डाळमिल. आत शिरल्या शिरल्या तुरीच्या भुशीनं शिंका सुरू झाल्या. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, लाल कापडात बांधलेल्या फायली आणि मुनीमकाका. ते मला "अक्का" म्हणायचे, मी त्यांच्या नातीच्या वयाची असूनही.

काम ऐकायला सोपं होतं. खरेदीच्या वहीत वर्षभराच्या सहाशेच्या आसपास नोंदी होत्या. दोन लाखांवरच्या सगळ्या सर स्वतः बघणार होते. उरलेल्यांतून दर विसावी नोंद मी घ्यायची, सुरुवात सातव्या नंबरापासून. म्हणजे ७, २७, ४७ अशा तीस नोंदी. प्रत्येकीसाठी आडत्याची पट्टी, वजनकाट्याची पावती आणि गेटवरच्या आवक रजिस्टरातली ओळ काढायची. तारीख, वजन, गाडी नंबर, रक्कम चारही जुळले तरच बरोबरची खूण.

सहा नोंदी झरझर झाल्या. १२७ ला अडले. तूर, १२ क्विंटल, ५,१०० चा भाव, ६१,२०० रुपये. पट्टीच नाही. काकांनी दोन फायली उलटल्या आणि म्हणाले, "कुठंतरी पडली असंल अक्का, पुढची घ्या की."

मी पुढची घेतली! सूर्यास्ताआधी घरी पोचून जेवायचं होतं, अजून तेवीस नोंदी बाकी होत्या, आणि मोठ्या माणसाला "नाही" म्हणायची सवय आपल्याला लावलेली नसते. १२८ मध्ये बारदान्याची खरेदी होती, कागद व्यवस्थित. खूण केली.

संध्याकाळी सरांनी माझी यादी नुसती वरून खाली पाहिली. "सगळ्या नंबरांच्या शेवटी सात आहे. हा आठ कुठून आला?"

मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच मेल्यासारखं झालं. म्हणाले, कागद नसणं हेच त्या नोंदीचं उत्तर होतं आणि तू तेच खोडलंस. आमच्या इन्स्टिट्यूटच्या एसए ५३० या मानकात हे स्पष्ट आहे. निवडलेल्या नोंदीवर ती तपासणी लागूच होत नसेल, उदाहरणार्थ रीतसर रद्द केलेला चेक, तरच बदली घ्यायची. कागद सापडत नसेल तर दुसऱ्या वाटेनं पडताळायचं, तेही जमलं नाही तर ती चूक धरायची. ज्याचे कागद नीट तेवढंच बघितलं, तर तीस नोंदींवरून सहाशेंबद्दल काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी १२८ खोडून मी पुन्हा १२७ घेतली. पट्टी नाही, तर माल तरी आला होता का? आवक रजिस्टरात त्या तारखेला एकही गाडी नव्हती. दोन दिवस आधी मात्र एक टेम्पो होता, बरोबर १२ क्विंटल. त्याची पट्टीही होती, त्याच आडत्याची, आणि ती ११९ नंबरला नोंदलेली होती. रक्कम ६२,९००. आडत, हमाली, बाजार फी धरून.

मग उलगडलं. आडत्यानं फोनवर नुसत्या मालाचा आकडा सांगितला, तो काकांनी चिठ्ठीवर लिहिला. पट्टी आली तशी चढवली, नंतर चिठ्ठी सापडली तीही चढवली. रकमा वेगळ्या असल्यामुळे एकच माल दोनदा आलाय हे डोळ्यांत आलं नाही. पैसे एकदाच गेले होते. आडत्याकडून खातेउतारा मागवला, त्यात आमच्याकडचं ६१,२०० चं देणं नव्हतंच.

सरांनी तेवढ्यावर सोडलं नाही. तीसमध्ये एक निघाली म्हणजे न बघितलेल्यांतही असू शकते. फोनवरून चिठ्ठी लिहायची पद्धत हंगामात चाले, म्हणून त्या दोन महिन्यांतल्या सगळ्या नोंदी मी आवक रजिस्टराशी लावल्या. आणखी एक निघाली.

मी विचारलं, वहीत चढलेलीच नाही अशी खरेदी यातून कळेल का? नाही. वहीतून कागदाकडे गेलं की नसलेलं किंवा दुबार लिहिलेलं सापडतं. राहून गेलेलं शोधायचं तर गेटवरून सुरुवात करून वहीकडे यायचं. मग त्या दुपारी तेही केलं, रजिस्टरातल्या वीस गाड्या उचलून. सगळ्या वहीत होत्या.

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मालकांना सरांनी सांगितलं, की दोन्ही दुबार नोंदी काढल्यावर देणं कमी होईल, नफा तेवढाच वाढेल. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे चूक आमची, आणि टॅक्सही आम्हीच जास्त भरायचा?"

तिसऱ्या दिवशी काकांनी चहा पाठवला. सोबत एक चिठ्ठी, त्यांच्या वळणदार अक्षरात: २०७ ची पट्टीही सापडत नाहीये, आधीच सांगतो.