"तार तुटली" असं कोणी म्हणालंच नाही?

मोठी पोस्ट आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर वाचून ठेवा.

तुटलेल्या तारेला हात लागून कुठेतरी माणूस जातो, आणि मग ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "आमच्याकडे याआधी तशी तक्रार आलेली नव्हती." कधी कधी त्याला एक शेपूट असतं: "आम्ही हेल्पलाईनचे सगळे रेकॉर्डिंग तपासले." मला या शेपटाबद्दल बोलायचंय. वीजपुरवठ्याच्या तक्रारी घेणाऱ्या एका कॉल सेंटरच्या क्वालिटी विभागात मी सात वर्षं होतो. रेकॉर्ड झालेले कॉल तपासणं हेच माझं काम. नाव कुणाचंच घेत नाही, त्याची गरजही नाही, कारण पद्धत सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच असते.

आधी साधा हिशोब. समजा दहा हजार कॉल आहेत आणि सरासरी चार मिनिटांचा एक. म्हणजे चाळीस हजार मिनिटं, साधारण ६६७ तास. कानाला हेडफोन लावून माणूस दिवसाला सहा तास नीट ऐकू शकतो (त्यापुढे नुसतं बसून राहतो). एकट्याला १११ दिवस लागतील. तेव्हा "सगळे तपासले" याचा अर्थ "सगळे ऐकले" असा कधीच नसतो. अर्थ असा, की मशीनला काही शब्द दिले आणि ते कुठे सापडतात ते बघितलं.

हे मशीन कसं शोधतं ते समजून घेण्यासारखं आहे. संभाषण आधी लिहून काढायचं आणि मग त्यात शब्द शोधायचा, असं आपल्याला वाटतं. आमच्याकडे तसं नव्हतं. फोनवरचा आवाज पातळ, त्यात मराठी, हिंदी, इंग्रजीची भेळ आणि वर गावांची नावं. लिहून काढणारं मशीन आपल्या शब्दसंग्रहातलाच शब्द लिहितं. कोल्हापूरकडचा माणूस "डांब वाकलाय" म्हणाला, म्हणजे विजेचा खांब, तर ते "थांब" लिहून मोकळं होणार. एकदा चुकीचं लिहिलं गेलं, की नंतर "डांब" शोधून काही उपयोग नाही.

म्हणून दुसरी पद्धत. मशीन आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणता ध्वनी असण्याची किती शक्यता आहे, एवढंच साठवतं. इथे त असावा, बहुतेक थ नसावा, पुढे आ, पुढे र. शब्द कुठेच लिहिलेला नसतो. तुम्ही "तार" टाकलंत, की ते त-आ-र ही साखळी शोधतं आणि कॉलचा नंबर, मिनिट-सेकंद आणि खात्रीचा आकडा देतं. त्यावर क्लिक करून आजूबाजूचे वीसेक सेकंद ऐकायचे, बस्स. फायदा मोठा आहे. "डांब" हा शब्द सहा महिन्यांनी सुचला तरी जुन्या सगळ्या कॉलमध्ये तो शोधता येतो, पुन्हा प्रक्रिया करावी लागत नाही. आणि लोकांच्या घरगुती गोष्टी विनाकारण कुणी वाचत बसत नाही, हेही बरंच.

आता गंमत बघा. वरून आलेल्या यादीत पहिलाच शब्द होता "तार". शोध लावला, तर निकालांचा पाऊस. ऐकलं तर काय? "बिलाची शेवटची तारीख कधी?" ता-री-ख, म्हणजे त-आ-र आलंच. त्याहून भारी म्हणजे "अहो, आता रात्र झाली, माणूस कधी येणार?" आता आणि रात्र यांच्या सांध्यात मशीनला तार सापडली. छोटा शब्द म्हणजे भोकं मोठी असलेली चाळणी, खडे आणि गहू दोन्ही खाली.

मग "तार तुटली" असा लांब शब्दप्रयोग द्यायचा का? कचरा एकदम कमी होतो. पण माणसं पाठ्यपुस्तकासारखी बोलत नाहीत. "तुटून पडलीय हो वायर रस्त्यावर." "केबल लोंबतीया, पोरं खालनं शाळेला जात्यात." इथे "तार तुटली" हा प्रयोगच नाही. शेवटी जे चाललं ते असं: "तार", "वायर", "केबल" यांपैकी काहीतरी, आणि पाच सेकंदांच्या आत "तुट", "पड" किंवा "लोंब". दोन तुकडे जवळजवळ आले तरच निकाल धरायचा. रात्र आणि तारीख तिथेच गळाल्या.

"करंट" या शब्दाने वेगळाच ताप दिला. ग्राहक म्हणतो, "पत्र्याला करंट येतोय." आणि आमचा एजंट दर दुसऱ्या कॉलला म्हणतो, "सर, आपलं करंट रीडिंग सांगा." कानाला दोन्ही सारखेच, मग मशीनने फरक करायचा कसा? इलाज एकच, ग्राहकाचा आणि एजंटचा आवाज वेगवेगळ्या चॅनलवर रेकॉर्ड झालेला असला पाहिजे, आणि शोध फक्त ग्राहकाच्या बाजूला. जुनं रेकॉर्डिंग दोन्ही आवाज एकत्र मिसळून ठेवलेलं असायचं. तिथे "करंट" एकटा शोधणं म्हणजे वेळ घालवणं. "करंट मारतो", "करंट उतरलाय" असंच शोधावं लागायचं.

आणि एक पावसाळा तर असा, की जवळजवळ प्रत्येक कॉलमध्ये तुटलेली तार सापडायला लागली. कारण? कॉल लागल्या लागल्या वाजणारी सूचना! "तुटलेल्या तारेला हात लावू नका..." रेकॉर्डिंगमध्ये तीही होती. सुरुवातीची चाळीस सेकंदं शोधातून वगळली तेव्हा आकडा जमिनीवर आला. विचार करा, हे कुणी ऐकून बघितलं नसतं तर तक्ता बनला असता, बैठकीत दाखवला गेला असता.

इथवरच्या सगळ्या चुका जास्तीच्या आहेत, आणि त्या दिसतात. ऐकलं की कळतं. जे सापडलंच नाही, ते दिसत नाही.

मशीन प्रत्येक निकालाला खात्रीचा आकडा देतं आणि किती आकड्याच्या वरचे निकाल दाखवायचे ही रेघ आपण ठरवतो. रेघ वर नेली की कचरा कमी, पण खरे कॉलही गळतात. आता तार कधी तुटते? वादळात. तेव्हा फोन करणारा कुठे असतो? पत्र्याखाली, वर पाऊस ताशा वाजवतोय, मोबाईलला रेंज अर्धी. त्या आवाजात "तार तुटली" स्पष्ट बोललं तरी खात्रीचा आकडा घसरतो. उन्हाळ्यातल्या स्वच्छ कॉलवर ठरवलेली रेघ पावसाळ्यात तशीच ठेवली, तर गळणारे कॉल नेमके तेच असतात जे शोधायचे होते. म्हणून धोक्याच्या शब्दांसाठी रेघ खाली ठेवायची आणि चार कचऱ्याचे कॉल जास्त ऐकायचे. (हेच मशीन एजंट "सॉरी" म्हणाला की नाही हे मोजून त्याचे गुण कापायलाही वापरतात. तिथे रेघ वर हवी, नाहीतर गरीब पोरगा उगाच मार खातो. आमच्याकडे दोन्हीला एकच रेघ होती, त्यावर पुष्कळ भांडणं झाली.)

आणि दुसरं, ज्याला कुठलीच रेघ पुरत नाही. न सापडलेल्या कॉलमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही कॉल उचलून पूर्ण ऐकायचे, असा आमचा एक नियम होता. कंटाळवाणं काम. त्यात एक कॉल लागला. शेतकरी, वयस्क आवाज. "म्हैस दोन दिस झालं टाकीचं पाणी पीत न्हाई. तोंड लावलं की मागं सरतीया. वायरमनला धाडा." एजंट पोरगी शहरातली. तिने नम्रपणे सांगितलं, "काका, ही जनावरांची हेल्पलाईन नाही," आणि कॉल "इतर" मध्ये टाकला.

गावाकडच्या माणसाला लगेच कळेल. मोटारीच्या पाईपमधून टाकीत हलका करंट उतरत होता. माणसाला चपलेमुळे जाणवत नाही, म्हैस ओल्या जमिनीवर चार पायांवर उभी, तिला आधी कळतं. त्या माणसाला ते माहीत होतं, म्हणूनच तो वायरमन मागत होता, डॉक्टर नाही. पूर्ण कॉलमध्ये तार नाही, करंट नाही, शॉक नाही, झटका नाही. मी सेक्शन ऑफिसला फोन लावला तेव्हा कॉल अकरा दिवसांचा झाला होता. काकांनी वाट न बघता मोटारच बंद करून ठेवली होती, म्हणून निभावलं. केबल पाईपला घासून सोलली गेली होती.

त्यानंतर "वायरमन धाडा" हा प्रयोग यादीत गेला. "मुंग्या येतात" गेला, कारण भिंतीला हात लावल्यावर बायका तसंच सांगतात. "झिणझिण्या" गेला. यादी वाढत गेली ती मशीनमुळे नाही, न सापडलेले कॉल ऐकल्यामुळे.

आता एक आकडा लक्षात ठेवा, कुठल्याही बैठकीत उपयोगी पडेल. समजा दहा हजारांपैकी नऊ हजार कॉलमध्ये कुठलाच शब्द सापडला नाही. त्यातले ३०० चिठ्ठी टाकून पूर्ण ऐकले आणि एकातही धोका निघाला नाही. छान वाटतं. पण संख्याशास्त्राचा ढोबळ नियम सांगतो: शून्य सापडलं तर तीनला ऐकलेल्या संख्येने भागा. तीन भागिले ३००, म्हणजे एक टक्का. उरलेल्यात एक टक्क्यापर्यंत, म्हणजे नव्वदच्या आसपास धोक्याचे कॉल असू शकतात आणि तरीही तुमच्या ३०० मध्ये एकही न येणं शक्य आहे. आणि मुळात कुणी ३०० सुद्धा ऐकले नसतील, तर "एकही तक्रार नव्हती" याला काही आधारच नाही.

म्हणून पुढच्या वेळी ग्रामसभेत किंवा उपविभागाच्या बैठकीत "रेकॉर्डिंग तपासले" असं सांगितलं, तर आवाज न चढवता विचारा: कोणते शब्द शोधले, ती यादी द्या. ग्राहकाचा आवाज वेगळा होता का? खात्रीची रेघ कुठे ठेवली होती, पावसाळ्यात बदलली का? आणि ज्यात काही सापडलं नाही, त्यातले किती कॉल माणसाने पूर्ण ऐकले? पहिल्या प्रश्नालाच बहुतेक वेळा फाईल बंद होते.

एक काम तुम्हीही करा. तुमच्या भागात हलका करंट लागला तर काय म्हणतात? खांबाला, डीपीला, तारेला घरातली म्हातारी माणसं काय म्हणतात? गावाच्या नावासह खाली लिहा. विदर्भ, खानदेश आणि कोकणातले शब्द माझ्याकडे फार कमी आहेत. जुन्या टीममधली दोघंजणं अजून तिथे आहेत, यादी त्यांच्याकडे पोचवतो.