नावापुढची रिकामी रेघ

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा मिरजेत आमच्या मोहल्ल्याने पूरग्रस्तांसाठी आठ दिवस भटारखाना चालवला. बकरी ईदही त्यातच आली. नंतर चौतीस स्वयंसेवकांना गौरवपत्रं द्यायचं ठरलं आणि 'तुम्ही लिहिता ना' म्हणून मजकुराचं काम माझ्याकडे आलं.

मी नेहमीचंच लिहिलं: 'प्रमाणित करण्यात येते की... यांनी मोलाचे सहकार्य केले.' एका कॉलेजच्या मुलाने वाचून विचारलं, "चाचा, यात मी काय केलं ते कुठंय?" मग मजकूर बदलला:

'श्री./श्रीमती ______ यांनी दि. ९ ते १६ ऑगस्ट २०१९ या काळात पूरग्रस्तांसाठीच्या भटारखान्यात ______ हे काम विनामोबदला केले. त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.'

'यांनी काम केले' या रचनेचा एक फायदा आहे. क्रियापद कामाप्रमाणे चालतं, त्यामुळे पुरुष असो वा बाई, तोच मजकूर चालतो. 'हजर होते' लिहिलं असतं तर बायकांसाठी 'होत्या' असा वेगळा नमुना करावा लागला असता.

खरी अडचण नावांची. मराठीत एकच 'ज' दोन उच्चारांना चालतो, त्यामुळे आपल्याकडे कुणी 'जुबेदा' लिहितं, कुणी 'झुबेदा'. अंदाज न करता यादी घरोघर फिरवली आणि ज्याने त्याने आपलं नाव स्वतः लिहावं, असं सांगितलं. यादीत एके ठिकाणी नुसतं 'सायकलवाल्याची अम्मी' होतं. रोज पहाटेपासून चपात्या लाटणाऱ्या खाला त्या. त्यांचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं!

छापखान्याचा पहिला नमुना आला तेव्हा वेलबुट्टीची चौकट कागदाच्या कडेपासून जेमतेम चार मिलिमीटरवर होती. कापताना पातं दोन मिलिमीटर सरकलं आणि एका बाजूची पट्टी दुसऱ्या बाजूच्या तिप्पट दिसू लागली. चौकट पंधरा मिलिमीटर आत घेतली. आता तेवढंच पातं सरकलं तरी डोळ्यात भरत नाही. ओळींतलं अंतरही वाढवलं, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडत होते.

सह्या दोनच ठेवल्या, डावीकडे सचिव, उजवीकडे अध्यक्ष. (तिसरी सही मागणारे अजून रुसलेले आहेत.) रेघेच्या वर अडीच सेंटिमीटर मोकळं सोडलं, खाली नाव आणि पद. मधली जागा गोल शिक्क्याची, नाहीतर शिक्का नेमका सहीवर बसतो. चकचकीत कार्डावर जेल पेनची सही अंगठ्याने पुसली गेली, म्हणून मॅट कार्ड घेतलं.

खालांकडे पत्र घेऊन मीच गेलो. त्यांनी ते नातीकडून वाचून घेतलं. कामाच्या जागी 'चपात्या करणे' होतं. "आणि दोन दिवस डाळ पण," त्या म्हणाल्या. मी पत्र परत आणलं, दुसरं छापून घेतलं.