वाक्याचा सूर

स्वरतंतू किती वेगाने कंप पावतात, त्यावर आवाजाचा सूर ठरतो. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात हा वेग सेकंदाला साधारण 100 ते 120 वेळा असतो, स्त्रीच्या बोलण्यात 200 च्या आसपास. चिनी भाषेत सूर शब्दाचाच भाग असतो. ‘मा’चा सूर बदलला की ‘आई’चा ‘घोडा’ होतो. मराठीत सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, वाक्याचा हेतू बदलतो. वाक्यभर चालणाऱ्या या चढउताराला सुरावली म्हणतात.

माणसाची तिच्याशी ओळख जन्माआधीच होते. आईचा आवाज गर्भापर्यंत पोचताना त्यातला बारीक तपशील गाळला जातो. व्यंजने पुसट होतात, चढउतार मात्र टिकतो. 2009 मध्ये कॅथलीन व्हेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या काही दिवसांच्या बाळांचे रडणे तपासले. फ्रेंच बाळांच्या रडण्यात सूर अधिक करून चढत जात होता, जर्मन बाळांच्या रडण्यात उतरत होता. त्या त्या भाषेच्या बोलण्यातही हाच कल आढळतो.

पुढे मूल एकेका शब्दावर काम भागवते, तेव्हा मागणे, विचारणे आणि दाखवणे यांतला फरक बराचसा सुरावरच पेलला जातो. ‘दूध’ एवढाच शब्द. पण दूध हवे आहे की समोर दिसले आहे, हे घरच्यांना ऐकूनच कळते.

वाक्ये जुळू लागली की हेच काम बारकाईने होते. ‘दादा आला’ हे दोनच शब्द घ्यावेत. बातमी सांगताना ‘ला’वर सूर खाली टेकतो आणि वाक्य संपल्याचे कळते. प्रश्न असेल तर तोच ‘ला’ वर उचलला जातो. आश्चर्य वाटले तर चढ मोठा होतो, स्वरही लांबतो. ताई नव्हे, दादाच आला असे ठसवायचे असेल तर उंची ‘दादा’वर येते आणि पुढचा ‘आला’ सपाट, दबका होतो. एखाद्या शब्दाला उठाव मिळतो तो असा, त्याच्यामागून येणारे शब्द दबल्यामुळेही.

मात्र चढ म्हणजे प्रश्नच, असा नियम नाही. ‘दादा कधी आला?’ यात ‘कधी’नेच प्रश्न कळतो, म्हणून शेवटी सूर उतरला तरी चालते. उलट यादी सांगताना ‘कांदे, बटाटे, मिरच्या’ यांत शेवटची वस्तू येईपर्यंत प्रत्येक नावावर सूर चढू शकतो. तिथे त्याचा अर्थ ‘अजून आहे’ एवढाच.

उतारवयात ऐकू कमी येऊ लागते तेव्हा सहसा आधी उच्च कंपसंख्येचे ध्वनी हरवतात. ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांची गल्लत होते. सुराची कंपसंख्या कमी असल्याने तो त्या मानाने जास्त काळ ऐकू येतो. म्हणूनच शब्द नीट न कळूनही काहीतरी विचारले गेले आहे, हे आजोबांना कळते. पार्किन्सनच्या आजारात अडचण बोलण्याच्या बाजूने येते: स्नायूंच्या हालचाली आखडतात, आवाज एकसुरी होतो आणि प्रश्नही विधानासारखा ऐकू येतो. अशा वेळी ‘का’, ‘ना’, ‘च’ हे छोटे शब्द उपयोगी पडतात. सुराने सांगायचे ते ‘दादा आला का?’ आणि ‘दादाच आला’ असे शब्दांत सांगता येते.