चंद्रकोर कोणत्या पक्षाची?

या पाठात मी तुम्हांला नऊ फोटोंची गोष्ट सांगणार आहे. नऊही फोटो एकाच चंद्राचे आहेत. ते आमच्या शाळेच्या गच्चीवरून २०२४ साली, १० एप्रिल ते ५ मे या काळात काढले. फोटो छापून आले तेव्हा मी ते मुद्दाम पत्त्यांसारखे पिसले, मागे तारीख न लिहिता आठवीच्या वर्गात वाटले आणि म्हटले, "आता हे ओळीने लावा."

पौर्णिमेचा फोटो सर्वांनी लगेच मधोमध ठेवला. अडचण आली ती कोरींची. दोन फोटो जवळपास सारख्याच जाडीच्या कोरीचे होते. एक ११ एप्रिलच्या संध्याकाळचा, म्हणजे वाढत्या चंद्राचा. दुसरा ५ मेच्या पहाटेचा, म्हणजे घटत्या चंद्राचा. कोणता पहिला आणि कोणता शेवटचा? वर्गाचे दोन तट पडले.

उत्तर शोधण्याआधी चंद्राला कला का येतात, ते पाहू. पुष्कळांना वाटते की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, म्हणून तो अर्धा दिसतो. तसे नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग नेहमी सूर्यप्रकाशात असतो. आपण तो भाग रोज वेगळ्या बाजूने पाहतो, एवढेच.

याची खात्री आम्ही एका लिंबाने केली. १५ एप्रिलला दुपारी पाचच्या सुमारास सूर्य पश्चिमेकडे होता आणि चंद्र पूर्वेकडे, बराच उंच. दोघेही एकाच वेळी आकाशात दिसत होते. एका मुलीने उन्हात उभे राहून लिंबू चंद्राच्या दिशेने धरले. लिंबाची जी बाजू उजळलेली दिसत होती, तीच बाजू चंद्राचीही उजळलेली होती. लिंबू जवळजवळ अर्धे उजळले होते, चंद्रही जवळजवळ अर्धा. ऊन तेच, आकार तोच. मग सावलीचा प्रश्नच उरला नाही.

यातून पहिला नियम मिळतो. चंद्राची उजळ, फुगीर बाजू नेहमी सूर्याकडे तोंड करून असते. अमावास्येनंतर चंद्र सूर्याच्या पूर्वेला सरकत जातो. म्हणून सूर्य मावळल्यावरही तो पश्चिमेच्या आकाशात उरतो आणि दररोज सरासरी सुमारे ५० मिनिटे उशिरा मावळतो. ही शुक्ल पक्षाची, म्हणजे वाढत्या चंद्राची कोर. पौर्णिमेनंतर तो दुसऱ्या बाजूने सूर्याच्या जवळ येऊ लागतो. शेवटी तो सूर्याच्या थोडा आधी, पहाटे पूर्वेला उगवतो. ही कृष्ण पक्षाची, म्हणजे घटत्या चंद्राची कोर. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणूनच आपला चांद्र महिना कधी २९ दिवसांचा होतो, कधी ३० दिवसांचा.

तेव्हा प्रत्यक्ष आकाशाकडे पाहत असाल, तर प्रश्न सोपा आहे. संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी कोर वाढती. पहाटे पूर्वेला दिसणारी कोर घटती. उर्दूत आपण नव्या कोरीला हिलाल म्हणतो. हा हिलाल पहाटे पूर्वेला कधीच दिसत नाही.

पण फोटोत ना वेळ दिसते, ना दिशा. मग काय करायचे? एक मुलगा म्हणाला, "सर, पुस्तकात आहे, उजवी बाजू उजळ असेल तर चंद्र वाढता आणि डावी असेल तर घटता." नियम चुकीचा नाही, पण तो युरोपसारख्या उत्तरेकडच्या देशांत जास्त चांगला चालतो. आपल्याकडे तो कधी कधी फसवतो. ११ एप्रिलचा फोटो हातात घ्या. कोरीची उजळ बाजू उजवीकडेही नाही आणि डावीकडेही नाही, ती खाली आहे. दोन्ही टोके वर आहेत. उर्दूतले 'बे' हे अक्षर लिहा आणि त्याचा खालचा नुक्ता पुसून टाका. अगदी तशी ही कोर आडवी पडली आहे.

असे का होते? मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी आपल्या भागात चंद्र मावळत्या सूर्याच्या जवळजवळ सरळ वर असतो. सूर्य खाली, म्हणून उजळ बाजूही खाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोच चंद्र सूर्याच्या वर पण डावीकडे झुकलेला असतो, म्हणून कोर उजवीकडे कललेली दिसते. पृथ्वीच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियात, वाढत्या चंद्राची डावी बाजू उजळ असते. शिवाय फोटो कागदावर उलटा चिकटवला किंवा छापताना आरशातल्यासारखा झाला, तर डावे-उजवे बदलूनच जाते. म्हणून डाव्या-उजव्याच्या नियमावर फोटोचा निकाल देता येत नाही.

सुदैवाने चंद्राच्या चेहऱ्यावरच एक खूण आहे. पौर्णिमेचा चंद्र पाहा. त्यावर काळसर डाग दिसतात. जुन्या काळी लोकांनी त्यांना समुद्र म्हटले, पण त्यांत पाणी नाही. फार पूर्वी वितळलेला खडक पसरून थंड झाला, त्याची ही मैदाने आहेत. त्यांतले बहुतेक डाग एकमेकांना चिकटलेले आहेत. फक्त एक लंबगोल डाग चंद्राच्या कडेजवळ एकटा आहे. त्याचे नाव मारे क्रिसियम, म्हणजे संकटांचा समुद्र. तो सुमारे ५०० किलोमीटर रुंद आहे आणि चष्म्याशिवाय चांगले दिसणाऱ्या डोळ्यांना दुर्बिणीविनाही दिसतो. पौर्णिमेचा चंद्र उगवताना तो वरच्या कडेला असतो, मध्यरात्री उजव्या कडेला आणि चंद्र मावळताना खालच्या कडेला. चंद्राचा चेहरा आकाशात असा फिरलेला दिसतो, पण चेहरा तोच राहतो. कारण चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी घालतो तेवढ्याच वेळात स्वतःभोवतीही एकदाच फिरतो. त्यामुळे त्याची एकच बाजू नेहमी आपल्याकडे असते.

आता नीट लक्ष द्या. अमावास्येनंतर सूर्यप्रकाश सर्वांत आधी या संकट-समुद्राच्या कडेवर येतो. म्हणून वाढत्या कोरीत हा डाग उजळ भागात दिसतो. पौर्णिमेनंतर अंधारही सर्वांत आधी याच कडेवर येतो. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांत हा डाग अंधारात बुडालेला असतो आणि पुढच्या अमावास्येपर्यंत उजेडात येत नाही. घटत्या कोरीत चंद्राची समोरची, दुसरी कड उजळलेली असते. तिथे कडेजवळ ग्रिमाल्डी नावाचा एक छोटा, पण फार गडद ठिपका असतो.

म्हणजे प्रश्न एवढाच विचारायचा: उजळ भागात तो एकटा लंबगोल डाग आहे का? असेल तर चंद्र वाढता किंवा पौर्णिमेच्या आसपासचा. नसेल तर घटता. फोटो तिरका धरा, उलटा धरा, आरशात पाहा, उत्तर बदलत नाही. उजवीकडचा डाग आरशात डावीकडे जाईल, पण उजेडातला डाग आरशामुळे अंधारात जाणार नाही.

मुलांनी हीच कसोटी लावली. ११ एप्रिलच्या कोरीत डाग स्पष्ट होता. ५ मेच्या कोरीत डाग नव्हता, ग्रिमाल्डी होता. मग १९ एप्रिल आणि २८ एप्रिल हे दोन फुगीर चंद्रही ओळखता आले. पहिल्यात डाग होता, दुसऱ्यात तो अंधारात गेला होता. बाकीचे फोटो आपोआप जागेवर बसले. १०, ११, १३, १५ आणि १९ एप्रिल हा वाढता चंद्र, २३ एप्रिलच्या रात्रीचा पूर्ण चंद्र, मग २८ एप्रिल, १ मे आणि ५ मे हा घटता चंद्र.

या कसोटीला मर्यादा आहेत, त्याही सांगतो. १० एप्रिलची कोर फार बारीक होती. तेव्हा संकट-समुद्रावर नुकता कुठे उजेड पोहोचत होता, म्हणून त्या फोटोत डाग नीट ओळखता येत नाही. दुसरी अडचण फोटो काढण्याची आहे. काळे आकाश पाहून कॅमेरा आपोआप जास्त उजेड घेतो आणि चंद्राचा नुसता पांढरा ठिपका होतो. डाग हवे असतील, तर चंद्र मोठा करून घ्यावा लागतो आणि उजेड हाताने कमी करावा लागतो. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हातला दगडच, त्याला सेकंदाचा सव्वाशेवा भागही पुरतो. कोर मंद असते, तिला जास्त वेळ द्यावा लागतो.

नऊ फोटो लावून झाल्यावर एका मुलाने दहावा फोटो आणला. तो ९ एप्रिलच्या संध्याकाळी मोबाईलवरून घरोघर फिरला होता. खाली लिहिले होते, "चाँद दिसला." त्या संध्याकाळी गल्लीत मोठा गोंधळ झाला होता. काही घरांत शीरखुर्म्यासाठी दूध आणले गेले, काहींनी सहरीची तयारी ठेवली. देशाच्या बहुतेक भागांत त्या संध्याकाळी चंद्र दिसला नव्हता आणि ईद ११ एप्रिलला झाली. मग हा फोटो कशाचा?

मुलांनी तो नऊ फोटोंच्या शेजारी ठेवला. कोर बोटाच्या नखापेक्षा जाड होती. अमावास्या ८ एप्रिलला रात्री ११ वाजून ५१ मिनिटांनी झाली होती. म्हणजे ९ तारखेच्या सूर्यास्ताला चंद्राचे वय अवघे १९ तास होते. इतका कोवळा चंद्र दिसलाच, तर केसासारखा बारीक दिसतो. या फोटोतली कोर मात्र ५ मेच्या कोरीएवढी जाड होती. मग मुलांनी डाग शोधला. संकट-समुद्र नव्हता. कडेजवळ ग्रिमाल्डीचा गडद ठिपका होता. फोटो कोणत्या तरी पहाटेचा, घटत्या चंद्राचा होता. त्या संध्याकाळचा तर नव्हताच.

एका मुलीने विचारले, "सर, मग तो कोणत्या महिन्याचा?" ते फोटोवरून सांगता येत नाही. संकट-समुद्र पक्ष सांगतो, महिना सांगत नाही. चंद्र दिसल्याचा निर्णय ज्यांनी द्यायचा ते साक्ष ऐकून देतील. आपल्या हाती एवढेच आहे की पहाटेचा चंद्र संध्याकाळचा म्हणून कोणी दाखवला, तर त्याच्या कडेवरचा डाग आधी पाहायचा आणि मगच तो फोटो पुढे पाठवायचा की नाही ते ठरवायचे.