तळवा कडेवर का चढतो?

मुलांनो, दोरीचा मल्लखांब करताना दोरी अनवाणी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरतात. आता बूट घालून जाड दोर चढायचा म्हटलं तर? आमच्या भोकरदनच्या पोरांना मी असं सांगतो: दोर एका बुटाखालून घ्यायचा नि दुसऱ्या बुटाने वरून दाबायचा. तेव्हा दोर घासतो तो बुटाच्या आतल्या कडेला, मधोमध. पळायच्या बुटाला तिथे जाळीचं कापड आणि मऊ फोम असतो. उतरताना दोर सरसर सरकला, की ते फाटतं. म्हणून या बुटांचं तळाचं रबर तिथे कडेवर चढवतात. ते दोर धरतं, झीजही सोसतं. तळ सपाट नि टणक असल्याने खोक्यावर उडी घेताना पाय डगमगत नाही. पण त्याच टणकपणामुळे लांब पळताना पाय दुखतात, थोडंच पळावं. बूट घेताना आतली कड बोटाने चाचपून पाहा. रबर आहे, की नुसता रंग?