रजेच्या अर्जातील शेवटची ओळ

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने घरच्या लग्नासाठी एकदा तरी मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज केला असेल. ‘प्रति, माननीय मुख्याध्यापक’ या शब्दांनी आरंभ करून ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ येथवर पोहोचण्याची रीत आम्ही व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो होतो. परंतु त्या दोन टोकांमधील मजकुराला किती वजन असते, हे आम्हांस आठवीत असताना एका सहाध्यायाच्या अर्जामुळे कळले.

त्याचे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा झाला की मुकादमाची गाडी गावात येई आणि उचल घेतलेली कुटुंबे कारखान्याच्या वाटेला लागत. त्या वर्षी त्याच्या थोरल्या ताईचा विवाह ठरला. आपल्या पद्धतीत मुहूर्त पाहावयाचा नसतो. त्रिशरण-पंचशील ग्रहण करून कोणत्याही दिवशी मंगल परिणय होऊ शकतो. त्यामुळे तारीख पंचांगाने नव्हे, तर गाडीने ठरविली. गाडी मंगळवारी पहाटे निघणार, म्हणून विवाह रविवारी. आणि त्याच मंगळवारी आमची प्रथम सत्र परीक्षा सुरू होत होती.

त्याने अर्ज लिहिला : ‘घरी लग्न असल्यामुळे मला शुक्रवार ते बुधवार सहा दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती.’ मुख्याध्यापक सरांनी अर्ज नामंजूर केला नाही, मंजूरही केला नाही. त्यांनी त्याला समोर बसविले व विचारले, “लग्न कोणाचे? ताईचे वय काय?” ताईला विसावे वर्ष पूर्ण झाले होते. सरांनी मान हलविली व पुढे विचारले, “लग्न रविवारी, मग बुधवारपर्यंत तू तिथे काय करणार?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, दरवर्षी कोपीवर धाकट्या दोघांना ताई सांभाळायची. आता ती सासरी जाणार.”

पुढचे सांगण्याची गरज उरली नव्हती. आईवडील पहाटे फडात गेल्यावर धाकट्यांजवळ कोणीतरी हवे. ताईच्या जागी आता घरात तोच मोठा होता. मंगळवारी पहाटे तो गावात असता, तर गाडीत बसला असता. आणि एकदा गाडीत बसलेला मुलगा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत परतत नाही. तोवर वर्ष गेलेले असते.

सरांनी त्याला दिवस मोजावयास लावले. शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्यावर दुपारच्या एस.टी.ने निघता येते. रविवारी सुट्टीच. पाठवणीनंतर परतीची गाडी नाही, म्हणून रात्रीचा मुक्काम. सोमवारी सकाळी निघून दुपारी परत. म्हणजे वसतिगृहाबाहेर दोन रात्री, परंतु शाळेची रजा एकच दिवस. सहा दिवसांच्या अर्जात खरी निकड एका दिवसाचीच होती.

नवा अर्ज असा झाला :

‘विषय : थोरल्या बहिणीच्या विवाहासाठी एक दिवसाची रजा मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, माझ्या थोरल्या बहिणीचा विवाह येत्या रविवारी आमच्या गावी आहे. त्यासाठी शनिवारी शाळा सुटल्यानंतर गावी जाण्याची परवानगी व सोमवारची रजा मिळावी. मला नेण्यास व परत आणण्यास माझे मामा येतील. सोमवारी सायंकाळच्या हजेरीपूर्वी मी वसतिगृहात हजर राहीन व मंगळवारच्या परीक्षेस बसेन.’

खाली पालकांच्या संमतीसाठी जागा होती. शनिवारी न्यावयास आलेल्या मामांसमोर सरांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. मामांनी वडिलांच्या अंगठ्याची चिठ्ठी आणली होती; तिच्याखाली सरांनी मामांचीही सही घेतली. धाकट्यांचे काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. घरात बोलणे झाले आणि त्या हंगामापुरते आजीने नातवंडांसह गावीच राहावयाचे ठरले. आजीचे वय पाहता ही सोय सोपी नव्हती. पण विवाहाच्या गडबडीत, गाडी दारात उभी असताना ती सुचलीही नसती.

सोमवारी चारच्या सुमारास तो परतला. कपाळ घामेजलेले, हातात बुंदीचा पुडा. बुंदी आम्ही वाटून खाल्ली आणि रात्री दिव्याखाली विज्ञानाची उजळणी केली.

आज आमच्यापैकी काहीजण स्वतः शिक्षक आहेत. लग्नसराईत असे अर्ज गठ्ठ्याने येतात. ‘घरगुती कारण’ एवढेच लिहिलेला अर्ज हाती आला की आम्ही नाते, दिवस, नेणारा व आणणारा विचारतो. पण आमची नजर प्रथम जाते ती परतीच्या तारखेवर. ती लिहिलेली नसेल, तर त्या मुलाला आम्ही समोर बसवितो.